कोशिंबिरीला पाणी का सुटते? पेशीपटलातील वहनाचा नववीच्या वर्गासाठी आढावा

काकडी कोचवून ठेवली की घरातले मोठे माणूस हमखास बजावते, मीठ आत्ता घालू नकोस, वाढायच्या वेळी घाल, नाहीतर पाणी सुटेल. हे वाक्य माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाने ऐकलेले असते. तरीही नववीच्या उत्तरपत्रिकेत ‘मीठ लावल्यावर काकडीला पाणी का सुटते?’ हा प्रश्न आला की निम्म्या उत्तरांत ‘मीठ पाणी शोषून घेते’ असे सापडते. उरलेल्यांपैकी बरेच जण लिहितात, ‘पाणी कमी संहतीकडून जास्त संहतीकडे गेले, म्हणून हे सक्रिय वहन.’ पहिल्या उत्तरात पेशीच नाही. दुसऱ्यात व्याख्या पाठ आहेत, पण त्यांची एकमेकींत गल्लत झाली आहे.

इतक्या वर्षांत मला हे पटले आहे की या धड्यात मुले अडखळतात ती तीन ठिकाणी. पदार्थ नेमका कोणता हलतो आहे, हे ती विचारत नाहीत. मधे पटल आहे की नाही, हे पाहत नाहीत. आणि या हालचालीसाठी पेशीला ऊर्जा मोजावी लागते का, हे तपासत नाहीत. विसरण, परासरण आणि सक्रिय वहन यांतला सगळा फरक या तीन प्रश्नांच्या उत्तरांत आहे. म्हणून हा आढावा मी त्याच प्रश्नांच्या क्रमाने घेतो आणि शेवटी उजळणीसाठी दोन्ही भाषांतल्या संज्ञांचा तक्ता देतो.

आधी शब्दांचे

महाराष्ट्रात सेमी-इंग्रजीचे वर्ग वाढले आहेत. मूल घरी मराठीत विचार करते, विज्ञान इंग्रजीत लिहिते आणि शंका पुन्हा मराठीत विचारते. त्यामुळे संज्ञांचे काही घोटाळे इथले खास आहेत. ‘विसरण’ ऐकून मुलांना विसरणे आठवते. ‘कॉन्सन्ट्रेशन’ म्हटले की अभ्यासातली एकाग्रता आठवते. ‘हायपर’ आणि ‘हायपो’ कानाला इतके सारखे लागतात की परीक्षेत त्यांची अदलाबदल ठरलेली.

यावर उपाय मराठी शब्दातच आहे. विसरण, परासरण, रक्ताभिसरण या सगळ्यांच्या पोटात ‘सरण’ आहे, म्हणजे सरकणे, पुढे जाणे. चहूकडे पसरत सरकणे ते विसरण. पटलापलीकडे पाण्याने सरकणे ते परासरण. ‘संहती’ म्हणजे ठरावीक पाण्यात विरघळलेल्या पदार्थाची दाटी. ‘अतिपरासारी’ आणि ‘अवपरासारी’ यांत अति आणि अव कधीच सारखे ऐकू येत नाहीत. मी आधी मराठी जोडी पक्की करून घेतो आणि मग इंग्रजी शब्द त्यावर बसवतो. हायपर म्हणजे अति, हायपो म्हणजे अव.

पटल: बीटच्या तुकड्याची साक्ष

पेशीभोवतीचे प्रद्रव्यपटल साधारण ७ ते ८ नॅनोमीटर जाडीचे असते. अशी दहा हजार पटले एकावर एक रचली तर कुठे माणसाच्या एका केसाएवढी जाडी होईल. मेदरेणूंचे दोन थर आणि त्यांत रुतलेली प्रथिने, अशी त्याची रचना. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड हे लहान रेणू मेदाच्या थरातून सहज पार होतात. सोडियम, पोटॅशियम यांसारखे विद्युतप्रभारित आयन आणि ग्लुकोजसारखे मोठे रेणू त्या थराला अडतात. त्यांना प्रथिनांच्या वाटा लागतात. पाण्याचे थोडे रेणू थरातूनच झिरपतात, पण बऱ्याच पेशींत पाण्यासाठी वेगळी प्रथिन-नलिका असते, अ‍ॅक्वापोरिन. तिच्या शोधासाठी पीटर आग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

‘निवडक्षम’ हा शब्द फळ्यावर लिहून समजत नाही, डोळ्यांनी पाहावा लागतो. त्यासाठी बीटचे दोन तुकडे घ्यावेत. कापताना फुटलेल्या पेशींचा रंग निघून जाईपर्यंत ते गार पाण्याने नीट धुवावेत. मग एक गार पाण्यात ठेवावा आणि दुसरा उकळत्या पाण्यात टाकावा. गार पाणी बराच वेळ जवळजवळ स्वच्छ राहते. उकळते पाणी काही मिनिटांत गडद लाल होते.

इथे थांबून मुलांना एकच गोष्ट विचारावी. गार पाण्यातल्या तुकड्यातही रंगाची संहती आत जास्त आणि बाहेर शून्य होती, मग रंग बाहेर का आला नाही? कारण वाट नव्हती. उष्णतेने पटले मोडली आणि वाट झाली. संहतीतला फरक ही ओढ आहे आणि पटल हा दरवाजा आहे. नुसती ओढ असून भागत नाही, हे बीट जितके स्पष्ट दाखवते तितके कुठलीच आकृती दाखवत नाही.

विसरण: उदबत्तीचे उदाहरण जपून वापरावे

विसरण शिकवताना आपण सगळेच उदबत्ती लावतो किंवा पाण्यात शाईचा थेंब सोडतो. रेणू सतत इकडेतिकडे हलत असतात आणि दाटीकडून विरळाईकडे पसरतात, एवढे त्यातून कळते. पण उदबत्तीचा वास खोलीभर पोहोचतो तो मुख्यतः हवेच्या झुळकांवर बसून. हवा पूर्ण स्थिर असती आणि रेणूंना केवळ स्वतःच्या हालचालीवर जायचे असते, तर चारपाच मीटर अंतराला कित्येक दिवस लागले असते. हे सांगितले नाही तर मूल समजते की विसरण लांबवर आणि झटपट होते. खरी गोष्ट उलटी आहे.

पाण्यातल्या एखाद्या लहान रेणूला पेशीच्या रुंदीएवढे, म्हणजे साधारण १० मायक्रोमीटर अंतर विसरणाने कापायला सेकंदाचा विसावा भाग पुरतो. एक मिलिमीटरला सुमारे आठ मिनिटे लागतात. एक सेंटिमीटरला जवळजवळ चौदा तास. अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो. पेशी इतक्या लहान का असतात आणि फुप्फुसातून पायाच्या बोटापर्यंत ऑक्सिजन नेण्यासाठी रक्ताभिसरण का लागते, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे. विसरण शेवटच्या काही मायक्रोमीटरचे काम करते, आणि ते फार चांगले करते.

आणखी एक बारकावा. दोन्ही बाजूंची संहती सारखी झाली की विसरण ‘थांबते’ असे मुले लिहितात. रेणू थांबत नाहीत. जितके इकडून तिकडे जातात तितकेच तिकडून इकडे येतात, म्हणून फरक दिसत नाही एवढेच.

ग्लुकोज बऱ्याच पेशींत जाते तेही दाटीकडून विरळाईकडेच, फक्त वाहक प्रथिनाच्या दारातून. दार वापरले म्हणून ते सक्रिय वहन होत नाही. पेशीने ऊर्जा मोजलेली नाही, तोवर ते विसरणच.

परासरण: ‘संहती कशाची?’

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. कारण एकच वाक्य दोन प्रकारे बरोबर असते. ‘पाणी जास्तीकडून कमीकडे जाते’, हे पाण्याच्या संहतीबद्दल खरे आहे. ‘पाणी कमीकडून जास्तीकडे जाते’, हे विरघळलेल्या पदार्थाच्या संहतीबद्दल खरे आहे. मूल एका पुस्तकात पहिले वाचते, दुसऱ्यात दुसरे वाचते, आणि परीक्षेत ‘संहती’ या शब्दापुढे ‘कशाची’ ते लिहायचे राहते. माझ्या वर्गात नियम आहे, संहती हा शब्द एकटा लिहायचा नाही. मिठाची संहती, साखरेची संहती, पाण्याची संहती, असेच लिहायचे. एवढ्यानेही अर्धा गोंधळ मिटतो.

सुरुवातीची काकडी आता या नियमाने पाहू. मीठ काकडीच्या ओल्या पृष्ठभागावर विरघळते आणि पेशींबाहेर दाट मिठाचे पाणी तयार होते. पेशीच्या आतल्या रसापेक्षा ते अतिपरासारी असते. मीठ पटलातून सहज आत जाऊ शकत नाही, पाणी मात्र बाहेर येऊ शकते. दोन्ही बाजूंनी पाण्याचे रेणू ये-जा करतातच, पण बाहेर जाणारे जास्त असतात. मीठ दोरी लावून पाणी ओढत नाही. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवतो तेव्हाही हेच घडते.

हे मोजता येते, आणि मोजल्यावरच पक्के होते. बटाट्याच्या सालविरहित, सारख्या मापाच्या पट्ट्या कापाव्यात. प्रत्येकी ५ ग्रॅमच्या तीन पट्ट्या घेतल्या असे समजू. एक साध्या पाण्यात, दुसरी एक टक्का मिठाच्या पाण्यात आणि तिसरी पाच टक्के मिठाच्या पाण्यात ठेवावी. एक टक्का म्हणजे लिटरला १० ग्रॅम मीठ. दीड तासाने काढून टिपकागदाने अलगद टिपावे आणि पुन्हा वजन करावे. टिपले नाही तर वर चिकटलेले पाणीच वजनात धरले जाते. या प्रयोगात फसायला होते ते बहुतेक इथेच.

समजा वजने ५.४, ५.० आणि ४.२५ ग्रॅम आली. पहिल्या पट्टीत ०.४ ग्रॅम वाढ, म्हणजे ५ पैकी ०.४, अर्थात ८ टक्के. साध्या पाण्यापेक्षा पेशीरस दाट, म्हणून पाणी आत आले. बाहेरचे पाणी अवपरासारी होते. तिसऱ्या पट्टीत ०.७५ ग्रॅम घट, म्हणजे १५ टक्के. पाणी बाहेर गेले, द्रावण अतिपरासारी. मधल्या पट्टीत बदल नाही, म्हणजे ते द्रावण पेशीरसाला समपरासारी. बटाट्यासाठी हा बिंदू साधारण एक टक्का मिठाच्या आसपास येतो, बटाटा किती ताजा आहे त्यावर थोडा पुढेमागे. वजनकाटा नसेल तर पट्टी हातात धरून वाकवावी. साध्या पाण्यातली ताठ आणि मोडताना कट्‌ आवाज करणारी, पाच टक्क्यांतली दोरीसारखी लवचीक. ताठपणा म्हणजे पाण्याने फुगलेली पेशी आपल्या भित्तिकेवर आतून दाब देते आहे.

पेशीभित्तिकेचे महत्त्व इथेच सांगावे. साध्या पाण्यात वनस्पतीची पेशी फुगते, पण भित्तिका तिला फुटू देत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशीला भित्तिका नाही. ती शुद्ध पाण्यात फुगत जाऊन फुटते. म्हणूनच शिरेतून द्यायच्या सलाइनमध्ये ०.९ टक्के मीठ असते, लिटरला ९ ग्रॅम. ते रक्तपेशींना समपरासारी असते. उलट, वनस्पतीची पेशी अतिपरासारी द्रावणात ठेवली तर आतले प्रद्रव्य आकसून भित्तिकेपासून सुटते. हा रससंकोच. पान आधी उकळून पेशी मारल्या तर रससंकोच दिसत नाही, कारण पटलच मोडलेले असते. इथे पुन्हा बीट आठवावे.

सक्रिय वहन: चढावरचा पंप

आतापर्यंतची सगळी हालचाल उताराची होती. पाटाचे पाणी उताराने आपोआप जाते, विहिरीचे पाणी वर चढवायला मात्र पंप आणि वीज लागते. पेशीतही पंप आहेत, आणि त्यांची वीज म्हणजे एटीपी.

तांबड्या पेशीबाहेरच्या द्रवात सोडियम आतल्यापेक्षा सुमारे दहापट जास्त असते. पोटॅशियमचे उलट. ते आत बाहेरच्यापेक्षा जवळजवळ तीसपट जास्त असते. केवळ विसरण असते तर हा फरक केव्हाच पुसला गेला असता. तो टिकतो कारण पटलातले एक प्रथिन अहोरात्र काम करते. एक एटीपी खर्चून ते तीन सोडियम आयन बाहेर टाकते आणि दोन पोटॅशियम आयन आत घेते. डेन्मार्कचे येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंवर काम करताना ते शोधले, आणि १९९७ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळाले.

‘सक्रिय’ म्हणजे ‘वेगवान’ असा मुलांचा समज होतो. त्याला उत्तर म्हणजे ऊर्जा बंद करून पाहणे. रक्तपेढीत रक्त २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात. त्या थंडीत पंप मंदावतो, पण पोटॅशियमची बाहेरची गळती चालूच राहते, म्हणून साठवलेल्या रक्ताच्या द्रवात पोटॅशियम दिवसेंदिवस वाढत जाते. ऊर्जा घेणारे वहन ओळखण्याची हीच कसोटी आहे. ऊर्जा रोखली की ते थांबते आणि उताराचे वहन मात्र चालू राहते.

शेतातली खूण आपल्या मुलांना जास्त जवळची. जमिनीतल्या पाण्यात क्षार अगदी विरळ असतात आणि मुळाच्या पेशीत ते दाट असतात, तरी मूळ ते आत घेते. त्यासाठी मुळाला श्वसन करावे लागते आणि श्वसनाला ऑक्सिजन. म्हणून शेतकरी वाफसा पाहतो, म्हणजे जमिनीत ओल आणि हवा दोन्ही बेताने आहेत का ते. पावसाळ्यात शेतात पाणी साचून राहिले की सोयाबीन, कापूस पिवळे पडतात. त्याचे एक मोठे कारण हे, की मातीतल्या फटींतून हवा गेली, मुळे गुदमरली आणि क्षार आत घेणारे पंप बंद पडले. पाण्यात उभे राहून पीक उपाशी राहते.

याहून मोठे कण, जसे अमिबाचे अन्न, पटलाच्या खळग्यात गुंडाळून आत घेतले जातात. त्यालाही ऊर्जा लागते. नववीसाठी एवढे पुरे.

एका पेल्यात तिन्ही

तिन्ही प्रकार एकत्र कुठे दिसतात, असे विचारले तर मी जलसंजीवनीचा पेला पुढे करतो. जुलाबात शरीरातले पाणी आणि क्षार जातात. नुसते पाणी प्यायले तर आतडे ते पुरेसे घेत नाही. आतड्याच्या पेशीतील सोडियमचा पंप आतले सोडियम सतत रक्ताच्या बाजूला ढकलत असतो, म्हणून पेशीत सोडियम कमी राहते. हे सक्रिय वहन. मग आतड्याच्या पोकळीतले सोडियम उताराने पेशीत यायला पाहते, आणि ज्या दारातून ते येते ते दार सोबत ग्लुकोज असले तरच उघडते. दोघे बरोबर आत येतात आणि पुढे रक्ताच्या बाजूला जातात. तिकडे विरघळलेले पदार्थ वाढले की त्यांच्यामागे पाणी जाते. हे परासरण. आणि पेशीतून रक्ताच्या बाजूला ग्लुकोज वाहक प्रथिनाच्या दारातून उताराने जाते. हे विसरण.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ आहे, सोबत पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. घरी करायचे तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर मुठीने घातली तर पोकळीतले द्रावण अतिपरासारी होते, पाणी उलट आतड्यात येते आणि जुलाब वाढतात. मापाचा आग्रह हा परासरणाचाच आग्रह आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी तिथे असेच द्रावण तोंडाने द्यायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

उजळणीचा तक्ता

| मराठी संज्ञा | इंग्रजी संज्ञा | काय, कुठून कुठे | ऊर्जा | ओळखीची खूण |
|---|---|---|---|---|
| प्रद्रव्यपटल | प्लाझ्मा मेम्ब्रेन | काहींना वाट देते, काहींना अडवते | – | गार पाण्यातले बीट |
| संहती | कॉन्सन्ट्रेशन | ठरावीक द्रावणात पदार्थाची दाटी | – | लिटरला १० ग्रॅम मीठ |
| विसरण | डिफ्यूजन | पदार्थ, त्याच्या दाटीकडून विरळाईकडे | नाही | फुप्फुसात ऑक्सिजन रक्तात जाणे |
| वाहकाने होणारे विसरण | फॅसिलिटेटेड डिफ्यूजन | पदार्थ, प्रथिनाच्या दारातून उताराने | नाही | पेशीत ग्लुकोज जाणे |
| परासरण | ऑस्मोसिस | पाणी, पटलातून पदार्थ दाट असलेल्या बाजूला | नाही | कोशिंबिरीला पाणी सुटणे |
| अवपरासारी | हायपोटॉनिक | बाहेर पदार्थ विरळ, पाणी पेशीत | नाही | साध्या पाण्यातला बटाटा |
| समपरासारी | आयसोटॉनिक | दोन्हीकडे सारखे, येणे-जाणे समान | नाही | ०.९ टक्के सलाइन |
| अतिपरासारी | हायपरटॉनिक | बाहेर पदार्थ दाट, पाणी पेशीबाहेर | नाही | मीठ लावलेली कैरी |
| रससंकोच | प्लाझ्मोलिसिस | प्रद्रव्य भित्तिकेपासून सुटते | नाही | दाट साखरपाण्यातले पान |
| सक्रिय वहन | अ‍ॅक्टिव्ह ट्रान्सपोर्ट | पदार्थ, विरळाईकडून दाटीकडे | होय | मुळांनी क्षार घेणे |
| पेशीभक्षण | एन्डोसायटोसिस | मोठा कण, पटलात गुंडाळून आत | होय | अमिबाचे अन्नग्रहण |

तक्ता वाचून काढू नये. दुसरा रकाना झाकून इंग्रजी शब्द आठवावा, मग पहिला झाकून मराठी. सगळ्यात कठीण आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे पहिले दोन्ही झाकणे आणि फक्त शेवटच्या रकान्यातल्या खुणेवरून संज्ञा ओळखणे. अति, सम आणि अव हे शब्द द्रावणाचे वर्णन करतात, तेही पेशीरसाशी तुलना करून. ‘बटाटा अतिपरासारी झाला’ असे लिहिले तर गुण जातात.

काकडीच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मी मुलांकडून असे लिहून घेतो. काकडीच्या पेशीबाहेर मिठाची संहती पेशीरसापेक्षा जास्त होते, म्हणजे बाहेरचे द्रावण अतिपरासारी असते. प्रद्रव्यपटल निवडक्षम असल्याने मीठ सहज आत जात नाही, पाणी मात्र बाहेर येते. हे परासरण आहे आणि त्यासाठी पेशी ऊर्जा खर्च करत नाही. त्यानंतर मी विचारतो, हीच काकडी आधी उकडून घेतली आणि मग मीठ लावले, तर? जे मूल क्षणभर थांबून ‘सर, पटलच उरणार नाही, मग हे परासरण कसं म्हणायचं?’ असे विचारते, त्याला हा धडा समजलेला असतो.